माशा, माशेन्का आणि माश्का



रशियन भाषेत माणसाच्या नावाला शेपटासारखे जे प्रत्यय लागतात, त्यांतून माया कशी व्यक्त होते आणि परक्या माणसाने ते वापरताना आपला पोरकटपणा कसा टाळावा, एवढाच आजचा विषय. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने व्याकरणावर का बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. त्याचे उत्तर व्याख्यान संपेपर्यंत आपले आपणच मिळेल. प्रथम आमची एक फजिती सांगतो, कारण या विषयाची गोडी आम्हांला त्या फजितीपासून लागली.

आम्ही रशियन शिकलो ते घरी बसून, पुस्तकांवरून, दिवसाचे काम संपल्यावर. कादंबऱ्यांत सोन्याची सोनेच्का होते, कात्याची कातेन्का होते, आणि ते वाचताना मन कसे ओले होते. पुढे एकदा त्या देशातून कामगारांचे एक मंडळ आमच्याकडे आले. त्यात साठीच्या घरातल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांना आपण नीना पेत्रोव्ना म्हणू. दोन दिवसांत आमची चांगली ओळख झाली. त्या आमच्या मोडक्या रशियनचे कौतुक करीत. तिसऱ्या दिवशी निरोपाच्या वेळी आम्ही मोठ्या प्रेमाने त्यांना 'नीनोच्का' अशी हाक मारली. बरोबरची मंडळी गप्प झाली. बाई रागावल्या नाहीत. क्षणभर थांबून हसल्या आणि म्हणाल्या, "मला नीनोच्का म्हणणारी माझी आई होती. तुम्ही मला नीना पेत्रोव्नाच म्हणा. त्यात मला अधिक आनंद आहे."

आमचा प्रत्यय बरोबर होता, उच्चार बरोबर होता, भावनाही खरी होती. मग चुकले काय? ते समजून घ्यायला रशियन नावाची रचना थोडी पाहावी लागेल.

रशियन नावाचे तीन भाग असतात: स्वतःचे नाव, बापाच्या नावावरून केलेले पितृनाम, आणि आडनाव. मराठी माणसाला हे नवे नाही. आपलेही नाव असेच तीन मण्यांचे असते. फरक इतकाच की, आपल्याकडे बापाचे नाव फॉर्मावर आणि लग्नपत्रिकेत दिसते, हाक मारताना कोणी ते घेत नाही. रशियात मात्र आदराची हाक त्यानेच होते. प्योत्रची मुलगी पेत्रोव्ना, इवानचा मुलगा इवानोविच. शिक्षिकेला, डॉक्टरला, वडीलधाऱ्या शेजाऱ्याला आडनावाने नव्हे, तर नाव व पितृनाम जोडून हाक मारायची. आपण 'राव' किंवा 'बाई' लावून जे साधतो, ते तेथे बाप साधून देतो.

आता या पूर्ण नावाखाली दुसरी पायरी येते ती लघुरूपाची. मारियाची माशा, येकातेरिनाची कात्या, इवानचा वान्या, अलेक्सान्द्रचा साशा. येथे बहुतेक शिकणारे फसतात. त्यांना वाटते, नाव लहान केले म्हणजे लाड झाला. तसे नाही. माशा हे लाडके नाव नव्हे. ते घरचे, मित्रांचे, सोबत काम करणाऱ्यांचे रोजचे नाव आहे. त्यात ना विशेष माया, ना अनादर. फक्त अंतर कमी झालेले असते.

माया सुरू होते ती तिसऱ्या पायरीवर, आणि हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा: मायेचा प्रत्यय बहुधा पूर्ण नावाला लागत नाही, लघुरूपाला लागतो. माशाची माशेन्का, कात्याची कातेन्का, साशाचा साशेन्का, वान्याचा वानेच्का, तान्याची तानेच्का, लेनाची लेनोच्का. 'एन्का', 'एच्का' आणि 'ओच्का' हे प्रत्यय शिकणाऱ्याने ओळखले की बरेचसे काम झाले. कोणता कोठे लागतो हे नावाच्या शेवटच्या व्यंजनावर पुष्कळसे अवलंबून आहे. 'श' असला की 'एन्का'. 'न्या' मध्ये जसा मऊ 'न' असतो तसा असला की 'एच्का'. लेना, नीना, वेरा यांच्यासारखे कठीण व्यंजन असले की 'ओच्का'. अपवाद आहेतच. ओल्याची ओलेन्काही होते नि ओलेच्काही. म्हणून नियमावरून नाव घडवण्यापेक्षा कानावर पडलेले नाव घ्यावे. आणखी एक खूण: या रूपांत उच्चाराचा जोर मूळ नावावरच राहतो, प्रत्ययावर जात नाही. 'मा' वर जोर देऊन 'शेन्का' हलकेच सोडून द्यायचे. शिकणारे बरोबर उलट करतात, आणि मग हाक मारल्यासारखी न वाटता पाठ म्हटल्यासारखी वाटते.

इथपर्यंत सगळे गोड आहे. पण याच तिसऱ्या पायरीवर दुसरा एक प्रत्यय बसलेला आहे: नुसता 'का'. माशाची माश्का, कात्याची कात्का, वान्याचा वान्का. माशेन्का आणि माश्का यांत लिहिताना एका अक्षराचा फरक दिसतो, पण एक मांडीवर घेते आणि दुसरे उंबऱ्याबाहेर उभे करते. आपल्याकडे गणपतरावांचा गणू होतो आणि गण्याही होतो, त्यातलाच हा प्रकार.

या 'का' ला मोठा इतिहास आहे. सतराव्या शतकात रशियात झारकडे अर्ज करायचा, तर अर्जदाराने स्वतःचे नाव छाटून लिहावे अशी रीत होती. इवानने 'तुझा दास इवाश्का' असे लिहायचे. आणि हे केवळ शेतकऱ्याने नव्हे, मोठमोठ्या सरदारांनीसुद्धा. झारपुढे सगळेच अर्धे. १७०१ साली पहिल्या पीटरने हुकूम काढला की, अशी अर्धी नावे लिहू नयेत, पूर्ण नावे लिहावीत. कागदावरची रीत गेली. पण ती सरदाराची गेली, भूदासाची बोलण्यातून गेली नाही. १८४७ साली बेलिन्स्की या टीकाकाराने गोगोलला जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात भूदासांच्या गुलामगिरीचे वर्णन करताना त्याने मुद्दाम हीच गोष्ट काढली: आमच्या देशात माणसे स्वतःला नावांनी संबोधत नाहीत, वान्का, वास्का, स्त्योश्का, पालाश्का अशा हाकांनी संबोधतात. हे पत्र छापायला बंदी होती. लोक ते हाताने उतरवून वाचत. दोस्तोयेव्हस्कीला १८४९ साली अटक झाली, तेव्हा हे पत्र मंडळीत वाचून दाखवल्याचा आरोप त्याच्यावर होता. एका प्रत्ययाची तक्रार ज्या पत्रात आहे, त्या पत्रापायी माणसे वधस्तंभापर्यंत गेली.

चेखोवची १८८६ सालची 'वान्का' ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. नऊ वर्षांचा वान्का झुकोव मॉस्कोत एका चांभाराकडे उमेदवारीला आहे. मालक मारतो, खायला धड देत नाही. नाताळच्या रात्री तो आजोबांना चोरून पत्र लिहितो. कथेत लेखक त्याला वान्काच म्हणतो, कारण जग त्याला तेच म्हणते. पण पत्राखाली मुलगा सही करतो ती 'इवान झुकोव' अशी. आणि आजोबा राखणदार असले तरी मायन्यात त्यांना नाव आणि पितृनाम लावतो: कोन्स्तान्तीन माकारिच. बोलताना 'माकारोविच' चे 'माकारिच' होते, तसेच त्याने लिहिले आहे. मराठी भाषांतरात ही सही सहज निसटून जाते. मूळ वाचणाऱ्याच्या मात्र पोटात कालवते. ज्याला दिवसभर अर्ध्या नावाने हाकलले जाते, ते पोर कागदावर स्वतःला पूर्ण करून घेते.

पण 'का' म्हणजे नेहमीच तुच्छता, असाही समज करून घेऊ नये. लहानपणचे दोन मित्र एकमेकांना साश्का, वान्का म्हणतात, तेव्हा त्यात अपमान नसतो, उलट इतकी जवळीक असते की गोडव्याची गरज राहिलेली नसते. बहीण भावाला म्हणते, आई रागाच्या भरात मुलाला म्हणते. म्हणजे प्रत्यय तोच, पण तो वरून खाली पडला की लाथ होते आणि बरोबरीच्या दोघांत फिरला की थाप होते. अर्थ प्रत्ययात अर्धाच असतो. उरलेला अर्धा, बोलणारा आणि ऐकणारा कोठे उभे आहेत, यात असतो.

हे सगळे एका ठिकाणी पाहायचे असेल, तर तोलस्तोयची १८९९ सालची 'पुनरुत्थान' ही कादंबरी घ्यावी. तिची नायिका येकातेरिना मास्लोवा. गुरे सांभाळणाऱ्या एका बाईच्या अविवाहित लेकीची ही मुलगी. दोन जमीनदार बहिणींनी तिला घरात वाढवली. एकीला वाटे, तिला शिकवून मुलीसारखी करावी. दुसरीला वाटे, चांगली दासी करावी. त्यामुळे ती अर्धी दासी आणि अर्धी मानसकन्या झाली. आता तिला हाक काय मारायची? तोलस्तोय स्वच्छ सांगतो: दासी असती तर कात्का, घरची लेक असती तर कातेन्का. म्हणून मधलेच नाव पडले: कात्युशा. एका नावात तिची सगळी अवस्था आली. हे न कळता कादंबरी वाचणाऱ्याला कात्युशा हे केवळ एक गोड नाव वाटते.

त्या घरचा भाचा नेख्ल्यूदोव तिला फसवतो आणि तिच्या हातात शंभर रूबल कोंबून निघून जातो. काही वर्षांनी तो न्यायालयात पंच म्हणून बसतो, आणि समोर खुनाच्या आरोपाखाली एक वेश्या उभी केली जाते. नाव विचारल्यावर ती 'ल्युबोव' असे सांगते. ते तिचे धंद्यातले नाव. न्यायाधीश बाप्तिस्म्याचे नाव विचारतो, तेव्हा ती म्हणते, पूर्वी कातेरिना म्हणत असत. पितृनाम विचारल्यावर म्हणते, मी अनौरस आहे. मग धर्मपित्याच्या नावावरून 'मिखाइलोव्ना' लिहून घेतात. आपण लक्ष द्यावे: कात्युशा हे नाव त्या दप्तरात कोठेच येत नाही. ते फक्त पंचाच्या बाकावर बसलेल्या एका माणसाला ठाऊक आहे.

पुढे तो तुरुंगात तिला भेटायला जातो. तेथे एक अगदी लहानसा क्षण आहे. 'तुला भेटायचे होते' म्हणावे की 'तुम्हांला', हेच त्याला सुचत नाही, आणि तो 'तुम्हांला' म्हणायचे ठरवतो. रशियनमध्ये 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. ज्याने तिला कात्युशा म्हणून गमावले, त्याला आता कोणती हाक मारण्याचा हक्क उरला आहे? नावाचा प्रश्न येथे थेट पापाचा प्रश्न होतो.

आणि शेवटी सायबेरियाच्या वाटेवर सिमोन्सोन नावाचा राजकीय कैदी तिच्यावर प्रेम करू लागतो. तिच्याशी लग्न करण्याची इच्छा तो नेख्ल्यूदोवला बोलून दाखवतो, तेव्हा तिला काय म्हणतो? कात्युशा नव्हे, कातेन्का नव्हे. तो म्हणतो 'कातेरिना मिखाइलोव्ना'. जिला कोणी कधी पूर्ण नाव दिले नाही, तिला तो नाव आणि पितृनाम दोन्ही देतो. आमच्या मते त्या कादंबरीतली सर्वांत कोमल हाक हीच आहे, आणि तिला मायेचा एकही प्रत्यय लागलेला नाही.

आता शिकणाऱ्याने प्रत्यक्षात काय करावे, ते सांगतो.

नवी ओळख झाली की समोरचा माणूस स्वतःचे नाव काय सांगतो ते ऐकावे. 'मारिया इवानोव्ना' सांगितले, तर तेच म्हणावे आणि 'वी' वापरावे. 'माशा' सांगितले, तर माशा म्हणावे. तिने माशा सांगितले म्हणून आपण माशेन्का म्हणणे, म्हणजे ओसरीवर बसायला सांगितल्यावर थेट माजघरात शिरणे. खालची पायरी दाखवण्याचा हक्क वयाने मोठ्याचा. तो 'आपण एकमेकांना तू म्हणू या' असे म्हणेल, तेव्हा उतरावे, आधी नाही. 'ती' आणि पितृनाम यांचे सहसा जमत नाही, आणि 'वी' आणि माश्का यांचे तर मुळीच नाही. आपण जे सर्वनाम वापरतो त्याच्याशी नाव जुळते का, हे पाहिले की निम्म्या चुका आपोआप टळतात.

मायेचे प्रत्यय कधी वापरावेत? मुलांशी बोलताना खुशाल. जवळच्या मित्राचे मन दुखावलेले असेल, तो आजारी असेल, आपण फार दिवसांनी भेटत असू, किंवा पत्राचा मायना लिहीत असू, तेव्हा. म्हणजे कारण असेल तेव्हा. रोजचा माणूस माशाच असावा आणि एखाद्या दिवशी माशेन्का व्हावा. दर वाक्याला माशेन्का म्हटले की त्यातली माया संपते आणि ऐकणाऱ्याला दोनच शक्यता वाटतात: हा माणूस काहीतरी मागणार आहे, किंवा हा मला लहान मूल समजतो.

पोरकटपणा आणखी दोन ठिकाणांहून येतो. पहिले म्हणजे स्वतःलाच लाडके नाव लावणे. वर्गात रशियन नाव घ्यायला सांगितले की, धट्टाकट्टा गृहस्थ 'मी वानेच्का' म्हणतो. रशियन माणूस स्वतःची ओळख वान्या म्हणून देईल, इवान म्हणून देईल. वानेच्का ही दुसऱ्याने द्यायची गोष्ट आहे. दुसरे म्हणजे वाक्यातल्या सगळ्या शब्दांना प्रत्यय लावत सुटणे. रशियनमध्ये चहाचेही लाडके रूप होते, पाण्याचेही होते. 'माशेन्का, चहाडी घेतेस का, पाणुली देऊ का' असे मराठीत कोणी बोलले तर कसे वाटेल? तेथेही तसेच वाटते. एका वाक्यात असा एकच शब्द असावा, आणि तो नाव असेल तर बाकीचे शब्द साधेच ठेवावेत.

एक व्याकरणाचा खड्डाही दाखवतो. वान्या, साशा, पेत्या ही पुरुषांची नावे 'आ' ने संपतात आणि विभक्तीत स्त्रीलिंगी नावांसारखी चालतात. पण विशेषण आणि क्रियापद पुरुषाचेच राहते. पत्रात 'दोरोगोय वान्या' लिहावे. 'दोरोगाया' लिहिले तर इवानची बाई होते. साशा तर अलेक्सान्द्रही असतो आणि अलेक्सान्द्राही. 'साशा प्रिशोल' म्हणजे साशा आला, 'साशा प्रिश्ला' म्हणजे आली. नावावरून कळत नाही, क्रियापदावरून कळते. आणि घरगुती बोलण्यात हाक मारताना शेवटचा स्वर गळतो: 'माश!', 'साश!' हे ऐकू आले तर भांडण चालले आहे असे समजू नये. ती साधी, जवळची हाक आहे. लघुरूपापर्यंत ज्याची ओळख पोचली आहे त्याने ती वापरली तर शोभते, आणि पुस्तकी माशेन्कापेक्षा पुष्कळ स्वाभाविक वाटते.

एवढ्या माहितीवर आता आमची फजिती तपासून पाहू. नीना हे नाव मुळातच आखूड असल्याने पूर्ण नाव आणि घरचे नाव एकच. तेव्हा मधली पायरी दिसतच नाही आणि पाय थेट 'ओच्का' वर पडतो. त्या बाई आम्हांला 'वी' म्हणत होत्या, आम्हीही त्यांना 'वी' म्हणत होतो. वयाने त्या मोठ्या, खाली उतरण्याचे आमंत्रण त्यांनी दिलेले नव्हते. आम्ही मनातली माया तिच्या पायऱ्या न चढता एका उडीत पोचवायला गेलो. त्यांनी आम्हांला परत नीना पेत्रोव्नावर आणून उभे केले, ते दूर लोटण्यासाठी नव्हे. जाताना त्यांनी आमच्या वडिलांचे नाव विचारून घेतले. पुढे त्यांचे पत्र आले, त्यात आमच्या नावापुढे आमच्या वडिलांचे नाव 'ओविच' लावून लिहिलेले होते. आमचे वडील हमाली करीत. त्यांना आयुष्यभर मुकादमाने आणि दुकानदारांनी तोडक्या नावानेच हाक मारली. त्यांचे नाव आदराच्या जागी लिहिलेले आम्ही प्रथम पाहिले ते त्या परक्या भाषेतल्या पत्रात.

म्हणून कोणी आम्हांला विचारले की, रशियनमधला मायेचा सर्वांत चांगला प्रत्यय कोणता, तर आम्ही विचारतो, कोणासाठी? लेकरासाठी 'एन्का' आहे, सवंगड्यासाठी 'का' सुद्धा आहे. पण ज्याला जगाने अर्धेच नाव दिले, त्याच्यासाठी पूर्ण नावासारखी माया नाही.